तक्ता गायब, उत्तर हातात: मिश्रणाचे भाव परत काढता येतात का?

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण सरळसेवा भरतीची तयारी करतोय. आम्हाला मिळालेल्या सराव प्रश्नसंचात भावांचे तक्ते चित्र म्हणून टाकलेले होते. आमच्यापर्यंत आलेल्या प्रतीत ती चित्रं काढून टाकलेली आहेत, फक्त प्रश्न आणि उत्तरतालिका उरली आहे. एक प्रश्न असा आहे : 'तक्त्यातील अ आणि ब प्रतीचे तांदूळ कोणत्या प्रमाणात मिसळल्यास मिश्रणाचा भाव ४२ रुपये किलो होईल?' पर्याय : (१) २:३ (२) ३:२ (३) १९:२४ (४) ५:३. उत्तर (२). मी उलटं गणित करून अ ३६ रुपये आणि ब ५१ रुपये काढला. मैत्रिणीने अ ३८ आणि ब ४८ काढला. दोघींचंही ३:२ येतं! मग कोणाचं खरं? त्याच तक्त्यावरचा पुढचा प्रश्नही अडलाय : 'अ आणि ब समान वजनात मिसळून मिश्रण ४७.३० रुपये किलोने विकले, तर शेकडा नफा किती?' उत्तर १० दिलंय. असे पंधराएक प्रश्न आहेत. आकडे शोधत बसावं, की हे प्रश्न सोडून द्यावेत?

उत्तर : तुमच्या दोघींच्या वहीत चूक नाही. चूक आहे ती 'उत्तर जुळलं म्हणजे आकडे सापडले' या समजात. मिश्रणाच्या गणितात उत्तरापासून मागे चालत गेलं, की वाट एका दाराशी थांबत नाही, तिला बरेच फाटे फुटतात. ते किती आणि का फुटतात हे एकदा कळलं, की कोणत्या प्रश्नावर वेळ घालवायचा आणि कोणता सोडायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

ॲलिगेशनमध्ये आपण फुलीची मांडणी करतो. डावीकडे स्वस्त मालाचा भाव, उजवीकडे महाग मालाचा, मध्ये मिश्रणाचा, आणि मग तिरकी वजाबाकी. मैत्रिणीचे आकडे घेतले तर ४८ मधून ४२ गेले, राहिले ६. हा स्वस्त मालाचा वाटा. ४२ मधून ३८ गेले, राहिले ४. हा महाग मालाचा वाटा. ६:४ म्हणजे ३:२. तुमचे आकडे घेतले तर ५१ वजा ४२ म्हणजे ९ आणि ४२ वजा ३६ म्हणजे ६. हेही ३:२. आता नीट बघा, उत्तरात शेवटी काय उरलं? भाव उरले नाहीत, भावांमधली दोन अंतरं उरली. तीही जशीच्या तशी नाहीत, त्यांचं फक्त एकमेकांशी असलेलं नातं उरलं. ६ आणि ४ असोत की ९ आणि ६, प्रमाणाला दोन्ही सारखेच.

म्हणून प्रमाण ३:२ आणि मिश्रणाचा भाव ४२, एवढ्यावरून आपल्याला इतकंच म्हणता येतं : अ चा भाव ४२ पासून दोन टप्पे एका बाजूला आहे आणि ब चा भाव तीन टप्पे दुसऱ्या बाजूला. अंतरांचं प्रमाण वाट्यांच्या उलट असतं, म्हणून तीन वाटे असलेला अ जवळ आणि दोन वाटे असलेला ब लांब. एक टप्पा किती रुपयांचा, हे मात्र प्रश्नात कुठेच नाही. मैत्रिणीने टप्पा २ रुपयांचा धरला, तुम्ही ३ रुपयांचा. फरक तेवढाच.

अशा किती जोड्या बसतात, हे मोजताही येतं. अ स्वस्त मानला तर टप्पा १ रुपयापासून २० रुपयांपर्यंत काहीही चालतो. २० धरला तर अ २ रुपये आणि ब १०२ रुपये. तांदूळ २ रुपये किलो मिळत नाही हे खरं, पण गणिताची त्याला हरकत नाही. २१ धरला की अ फुकट होतो, तिथे थांबायचं. आता दुसरी बाजू, जिच्याकडे तुम्हा दोघींचंही लक्ष गेलेलं दिसत नाही : अ स्वस्तच आहे असं प्रश्नात कुठे म्हटलंय? अ ४६ आणि ब ३६ घेऊन बघा. ४२ वजा ३६ म्हणजे ६, हा अ चा वाटा. ४६ वजा ४२ म्हणजे ४, हा ब चा. पुन्हा ३:२. या बाजूने टप्पा १ पासून १३ रुपयांपर्यंत चालतो. म्हणजे नुसत्या पूर्ण रुपयांतच २० अधिक १३, अशा ३३ जोड्या झाल्या. पैशांत गेलात तर गणती आणखी वाढेल.

ही मोकळीक या गणिताच्या रचनेतच आहे आणि जुन्या गणितींना ती चांगली ठाऊक होती. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत सुवर्णगणित म्हणून भाग आहे. त्यात सोळा वर्णाचं आणि दहा वर्णाचं सोनं मिसळून बारा वर्णाचं सोनं करायचं उदाहरण आहे. वर्ण म्हणजे सोन्याचा कस. सोळातून बारा गेले चार, बारातून दहा गेले दोन, म्हणून सोळा वर्णाचं एक वजन तर दहा वर्णाचं दोन वजन. आपण आज जी तिरकी वजाबाकी करतो तीच ही. तिथल्या नियमात या बाक्यांना इष्ट संख्येने, म्हणजे आपल्याला हव्या त्या संख्येने, गुणायची मुभा स्पष्ट दिलेली आहे. तिथे कस ठरलेले आणि वजनं मोकळी. तुमच्या प्रश्नात चित्र गेल्यामुळे प्रमाण ठरलेलं आणि भाव मोकळे झाले. मोकळीक तीच, फक्त जागा बदलली.

मग ती बांधायची कशी? त्यासाठी आणखी एक माहिती हवी, आणि ती तुमच्याच पत्रात आहे. पुढचा प्रश्न तुम्ही वेगळी अडचण म्हणून लिहिलात, पण खरं तर तो पहिल्या प्रश्नाची किल्ली आहे. एका तक्त्यावर दोन-तीन प्रश्न असले आणि तक्ता हरवला, तर ते प्रश्न कधीही एकेकटे सोडवू नका. प्रत्येक प्रश्न त्याच दोन भावांबद्दल वेगळी साक्ष देत असतो.

पुढच्या प्रश्नात मिश्रण ४७.३० रुपयांना विकलं आणि १० टक्के नफा झाला. नफा खरेदी किमतीवर मोजतात, म्हणून ४७.३० ही खरेदीच्या ११० टक्के. ४७.३० ला १.१० ने भागलं की ४३ रुपये येतात. हा समान वजनाच्या मिश्रणाचा खरेदी भाव. समान वजन असलं की मिश्रणाचा भाव दोन्ही भावांच्या बरोबर मध्यावर पडतो. आता पहिल्या प्रश्नातली माहिती शेजारी ठेवा. मध्य ४३ म्हणजे ४२ च्या वर आहे, म्हणून लांबचा ब वरच्याच बाजूला असणार. अ हा ४२ पासून दोन टप्पे खाली, ब तीन टप्पे वर, म्हणजे दोघांमध्ये एकूण पाच टप्पे. त्यांचा मध्य अ पासून अडीच टप्प्यांवर, म्हणजे ४२ च्या अर्धा टप्पा वर. तो मध्य ४३ आहे. अर्धा टप्पा १ रुपयाचा, तर पूर्ण टप्पा २ रुपयांचा. अ = ४२ − ४ = ३८ आणि ब = ४२ + ६ = ४८.

समीकरणांची सवय असेल तर हेच असं मांडा :

३अ + २ब = ५ × ४२ = २१०
अ + ब = २ × ४३ = ८६

दुसऱ्याची दुप्पट १७२ पहिल्यातून वजा केली की अ = ३८, आणि मग ब = ४८. ताळा घ्यायचा तर तीन किलो अ चे ११४ रुपये, दोन किलो ब चे ९६ रुपये, मिळून पाच किलोचे २१० रुपये, किलोला ४२. बरोबर.

थोडक्यात, मैत्रिणीचे आकडे तक्त्याशी जुळतात, तुमचे जुळत नाहीत. पण तिला ते पहिल्या प्रश्नावरून मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे 'तिची रीत बरोबर आणि माझी चूक' असं मनात धरू नका. तुमच्या आकड्यांनी दुसरा प्रश्न करून बघा. ३६ आणि ५१ चा मध्य ४३.५०, आणि ४७.३० ला विकून नफा ३.८० रुपये, म्हणजे पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास. उत्तरतालिकेतले १० येत नाहीत, तिथेच ते आकडे बाद होतात.

या पायरीवर एक चूक हमखास होते, आणि चित्र नसताना ती लवकर लक्षात येत नाही. विक्रीचा भाव हाच मिश्रणाचा भाव धरून फुलीच्या मध्ये ४७.३० लिहिला जातो. तसं केलंत तर अर्धा टप्पा ५.३० रुपयांचा होतो आणि भाव येतात २०.८० आणि ७३.८०. दुसरी चूक म्हणजे ४७.३० चे १० टक्के काढून त्यातूनच वजा करणं. मग खरेदी भाव येतो ४२.५७ आणि तांदळाचे भाव ३९.७२ व ४५.४२. भरतीच्या प्रश्नात तांदूळ ३९ रुपये ७२ पैसे किलो सहसा नसतो. परत काढलेले भाव असे वेडेवाकडे पैशांत आले, तर आधी आपण नफा नेमका कशावर मोजला ते तपासा. उलट आकडे स्वच्छ पूर्णांकांत आले, तर वाट बरोबर असल्याची ती चांगली खूण आहे. पुरावा मात्र नव्हे, कारण वर आपण ३३ पूर्णांकी जोड्या पाहिल्याच आहेत.

आता पर्यायांकडे वळू. पुढचा प्रश्न नसता, तर आपल्याकडे काहीच उरलं नसतं का? चुकीचे पर्याय प्रश्न रचणारा बहुधा हवेतून काढत नाही. विद्यार्थी जिथे घसरतात तिथली उत्तरं तो पर्यायांत ठेवतो. २:३ म्हणजे वाटे उलटे लावणाऱ्याचं उत्तर. ५:३ म्हणजे दोन भावांमधलं एकूण अंतर वरच्या अंतराशेजारी लिहिणाऱ्याचं उत्तर, इथे १०:६. या दोन्हींतून नवं काही कळत नाही. खरं उत्तर ३:२ असलं की उलटं २:३ होणारच, आणि एकूण पाच टप्प्यांपैकी तीन म्हणजे ५:३ होणारच. तुमच्या ३६ आणि ५१ नेही तेच, १५:९. भाव कोणतेही असोत, हे दोन पर्याय जसेच्या तसे राहतात.

१९:२४ मात्र वेगळा आहे. असा अवघड पर्याय कुणी सहज लिहीत नाही. तो येतो भावांचंच प्रमाण उत्तर म्हणून लिहिणाऱ्याच्या चुकीतून. तसं असेल, तर अ चे १९ भाग आणि ब चे २४ भाग. ३अ + २ब मध्ये घाला : ५७ भाग आणि ४८ भाग, मिळून १०५ भाग, आणि ते २१० रुपयांबरोबर. एक भाग २ रुपयांचा. अ ३८, ब ४८. दुसऱ्या वाटेने येऊन आपण त्याच दारात पोचलो. दोन वेगळ्या साक्षी जुळल्या, म्हणून या आकड्यांवर आता भरवसा ठेवता येतो.

या पर्यायाने आणखी एक काम केलं, आणि ते फार मोलाचं आहे. समजा उत्तरतालिकेतच घोळ होता आणि खरं उत्तर (१), म्हणजे २:३ होतं. मग समीकरण २अ + ३ब = २१० झालं असतं, आणि अ + ब = ८६ जोडल्यावर अ = ४८, ब = ३८ आलं असतं. आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या! दुसऱ्या प्रश्नात दोन्ही तांदूळ समान वजनात आहेत, त्यामुळे अ कोणता आणि ब कोणता याचं त्याला सोयरसुतक नाही. तालिका उलटी असती तर तो गप्प राहिला असता. पण त्या वेळी भावांचं प्रमाण २४:१९ असं छापलेलं असतं. छापलंय १९:२४, म्हणजे अ स्वस्त, म्हणजे तालिका बरोबर.

पर्यायांवरून काढलेला भाव हा अंदाजच असतो, हे मात्र विसरू नका. तो दुसऱ्या एखाद्या माहितीशी जुळला तरच वहीत पक्का लिहा. एकटा असेल तर शेजारी 'अंदाजे' असा शब्द टाका. आणखी एक, परत मिळालेला भाव नेहमी प्रश्नातल्या एककात मिळतो. मूळ तक्त्यात कदाचित ३,८०० आणि ४,८०० रुपये क्विंटल असं लिहिलं असेल. क्विंटल म्हणजे १०० किलो, त्यामुळे गणिताला फरक पडत नाही. पण 'मूळ तक्ता हा असा होता' असं म्हणून ही प्रत पुढे कुणाला देऊ नका. 'भाव परत काढलेले' अशी नोंद करूनच द्या.

आता उरलेल्या प्रश्नांबद्दल. ते एकदम सोडवायला घेऊ नका, आधी वाचून वेगवेगळ्या ढिगांत टाका.

पहिल्या ढिगात असे प्रश्न येतील, ज्यांना हरवलेला भाव मुळात लागतच नाही. हे प्रश्न लोक विनाकारण सोडून देतात. उदाहरणार्थ : 'एक गवळी वरील भावाने दूध विकत घेतो, त्यात पाणी मिसळतो, खरेदीच्याच भावाने विकतो आणि २५ टक्के नफा मिळवतो. दूध व पाण्याचं प्रमाण किती?' चित्रात भाव होता आणि चित्र गेलं. पण दुधाचा भाव १०० धरा. विकलं १०० ला, नफा २५ टक्के, म्हणजे मिश्रणाच्या लिटरला खर्च १०० भागिले १.२५, म्हणजे ८०. पाण्याचा भाव शून्य. फुली मांडा : दुधाचा वाटा ८० वजा ० म्हणजे ८०, पाण्याचा वाटा १०० वजा ८० म्हणजे २०. ४:१. भाव ५६ असता तरी ४:१ आणि ७२ असता तरी ४:१. कारण मधला भाव दुधाच्या भावाचा ठरावीक हिस्सा आहे आणि दुसरा भाव शून्य आहे. सगळे भाव एकाच पटीने वाढले की अंतरंही त्याच पटीने वाढतात आणि प्रमाण जागचं हलत नाही. अशा प्रश्नात 'खरेदीच्याच भावाने विकतो' हे शब्द शोधा. ते नसतील आणि खरेदी-विक्रीचे वेगळे भाव चित्रात असतील, तर मात्र १०० धरून भागत नाही. निदान त्या दोन भावांचं एकमेकांशी प्रमाण तरी माहीत हवं. आणि पाण्याचा शून्य कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो, तो आपणच आठवणीने मांडायचा.

दुसऱ्या ढिगात एकच भाव हरवलेले प्रश्न. हे सर्वांत सोपे. अ ६० रुपये, मिश्रण ६६ रुपये, अ आणि ब चं प्रमाण १:२, ब हरवला. वाटे १:२ तर अंतरं २:१. अ चं अंतर ६, म्हणून ब चं ३, तेही दुसऱ्या बाजूला. ब = ६९. ताळा : ६० आणि दोनदा ६९ मिळून १९८, तिनाने भागून ६६. इथे फक्त बाजू सांभाळायची. मिश्रणाचा भाव दोन्ही भावांच्या मध्येच पडायला हवा. घाईत ६६ मधून ३ वजा करून ६३ लिहिलंत, तर दोन्ही माल मिश्रणापेक्षा स्वस्त होतात, आणि स्वस्त मालात स्वस्त माल मिसळून महाग मिश्रण कधीच होत नाही.

तिसऱ्या ढिगात तुमच्या प्रश्नासारखे, दोन भाव हरवलेले. यांना सोबतीचा प्रश्न किंवा १९:२४ सारखा बोलका पर्याय लागतो. सोबतीचा प्रश्न खरोखर नवी माहिती देतो का, ते आधी बघा. त्यात जर 'सहा किलो अ आणि चार किलो ब मिसळले तर किलोला भाव किती' असं विचारलं असेल, तर ते पुन्हा ३:२ च झालं. ४२ हेच उत्तर येणार आणि हातात काही नवं पडणार नाही. दोन समीकरणं दिसतात, पण असतं एकच. वजनांचं प्रमाण वेगळं असेल तरच दुसरी साक्ष खरी.

तक्त्यात तीन प्रती असतील आणि तिन्हींचं मिश्रण विचारलं असेल, तर भाव असूनही एकच उत्तर येत नाही. ३८, ४८ आणि ४५ च्या तांदळाचं ४२ रुपयांचं मिश्रण ३:१:२ नेही होतं आणि ९:४:४ नेही होतं. तिथे पर्याय एकेक घालून बघावे लागतात, आणि भाव हरवले असतील तर उलटं जाण्यात काही हशील नाही.

शेवटच्या ढिगात ते प्रश्न, ज्यांत दोन्ही भाव गेले, मिश्रणाचा भावही चित्रातच होता आणि हातात फक्त '३:२' हे उत्तर आहे. हे सोडा. यांच्या मागे वेळ घालवणं म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट घेऊन गल्लोगल्ली फिरणं. सरावासाठी प्रश्न हवाच असेल, तर आकडे स्वतः घाला. हवा तो मिश्रणाचा भाव घ्या, हवा तो टप्पा घ्या, एक भाव दोन टप्पे खाली आणि दुसरा तीन टप्पे वर ठेवा, प्रश्न तयार. मिश्रण ७५ आणि टप्पा ४ घेतला तर भाव ६७ आणि ८७. तुम्ही मैत्रिणीला असे पाच प्रश्न घालून द्या, ती तुम्हाला देईल. एकदा अ महाग ठेवा, एकदा मधल्या भावाऐवजी नफ्यासह विक्रीचा भाव द्या.

तुमच्या पंधरा प्रश्नांपैकी एकाच तक्त्यावरचे प्रश्न आधी एकत्र बांधा आणि मगच पेन हातात घ्या. प्रश्नांचे क्रमांक आणि 'वरील', 'त्याच', 'तक्त्यातील' हे शब्द बघितले, की कोणता प्रश्न कोणाच्या जोडीचा हे बहुतेक कळतं.